निळा, चार पायांचा, फाटे फुटलेल्या घराण्यातला

पिकाचूला पाय किती? जगातला सर्वांत ओळखीचा पोकेमॉन म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात, त्याच्याबद्दलचा हा प्रश्न कुणालाही सोपा वाटेल. मालिकेत तो मागच्या दोन पायांवर उभा राहतो, पुढचे पाय हातासारखे वापरतो, आणि चालायचा कंटाळा आला की ॲशच्या खांद्यावर जाऊन बसतो. मूळ खेळाच्या वर्गवारीत मात्र पिकाचू चार पायांच्या प्राण्यांत आहे. त्याच्यातून पुढे होणारा रायचू दोन पायांवर चालणाऱ्या, शेपटीवाल्या प्राण्यांत आहे. रंग दोघांचाही पिवळाच नोंदवलेला आहे. म्हणजे एखाद्या मुलाने “पिवळा, दोन पायांचा, शेपटीवाला, तिघांच्या घराण्यातला” असे वर्णन केले, तर त्याच्या डोळ्यांसमोर पिकाचू असला तरी यादीत पिकाचूऐवजी रायचू सापडतो. त्याचे वर्णन चुकलेले नसते. त्याने एका पद्धतीने पाहिलेले असते आणि यादी दुसऱ्या पद्धतीने मांडलेली असते.

ही पुस्तिका या दोन पद्धतींचा मेळ घालण्यासाठी आहे. समोर एखादा पोकेमॉन दिसला, किंवा कुणी त्याचे अर्धवट वर्णन केले, तर अंगाचा आकार, रंगसंगती आणि उत्क्रांतीचे घराणे या तीन खुणांवरून त्याच्या नावापर्यंत कसे पोचायचे, हे तिच्यात दाखवले आहे. चौथी खूण मुद्दाम घेतलेली नाही. खेळात आग, पाणी, गवत, वीज असे प्रकारही असतात आणि पुष्कळ जण सुरुवात त्यांच्यापासूनच करतात. पण प्रकार डोळ्यांना दिसत नाही. गायराडोस पाण्याचा आणि उडणारा आहे, ड्रॅगनचा नाही, हे चित्र पाहून कुणालाही कळणार नाही. आकार आणि रंग दिसतात. घराणे दिसत नाही, तरी विचारता येते, आणि माझ्या मते तिघांत सर्वांत जास्त काम तेच करते. ते का, हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना लांबली आहे.

आधी पसारा केवढा आहे ते पाहू. ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ मालिकेतले ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले दोन खेळ 27 फेब्रुवारी 1996 रोजी जपानमध्ये आले तेव्हा त्यांत 151 प्राणी होते. 2024 च्या सुरुवातीपर्यंत राष्ट्रीय पोकेडेक्समधली संख्या 1025 झाली होती. हो-नाही असे उत्तर असलेले दहा प्रश्न विचारले, आणि प्रत्येक प्रश्नाने उरलेल्यांचे बरोबर दोन भाग केले, तर 1024 प्राणी वेगळे करता येतात. म्हणजे उत्तम प्रश्न विचारणाऱ्यालाही दहा प्रश्न जेमतेम अपुरे पडतात, तेही एकाच प्राण्यासाठी. प्रत्यक्षात प्रश्न असे नेमके अर्धे करत नाहीत. “पिवळा आहे का?” याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ येते आणि हाती फारसे काही लागत नाही. म्हणून कोणता प्रश्न कधी विचारायचा, हे ठरवावे लागते.

आकारापासून सुरू करू. खेळाच्या वर्गवारीत शरीराचे 14 आकार मानलेले आहेत. काही अगदी उघड आहेत: मासा, सापासारखा लांबट, चार पायांचा, पंखांचा, अनेक सोंडांचा किंवा पायांचा. काही जरा गमतीचे आहेत. नुसते डोके, डोके आणि हात, डोके आणि पाय, डोके आणि खाली बैठक, असे चार वेगवेगळे वर्ग आहेत, कारण या जगात धड नसलेले प्राणी पुष्कळ. जिओड्यूड म्हणजे हात फुटलेला दगड, ऑडिश म्हणजे पाय फुटलेला कांदा, आणि डिग्लेटचे जमिनीखाली काय आहे हे कुणी पाहिलेलेच नाही. दोन पायांवर उभे राहणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत, शेपटीवाले आणि बिनशेपटीचे, आणि हा फरक अगदी कामाचा आहे. चारमँडर शेपटीवाल्यांत, मिस्टर माइम बिनशेपटीच्यांत. एकाहून अधिक शरीरे असलेल्यांचाही स्वतंत्र वर्ग आहे. एकटा डिग्लेट एका वर्गात बसतो आणि तीन डिग्लेट मिळून झालेला डगट्रिओ दुसऱ्या.

आकाराचा मोठा गुण असा की तो सावलीतही टिकतो. मालिकेत मध्यंतराच्या आधी काळी आकृती दाखवून “हा पोकेमॉन कोण?” असे विचारत. 2000 नंतरच्या दशकात हिंदीतून ही मालिका पाहिलेल्या आपल्याकडच्या मुलांनाही तो खेळ आठवत असेल. त्यात रंग नव्हता, घराणे नव्हते, नुसती कड होती, आणि तेवढ्यावर मुले धडाधड उत्तरे देत. पण ती उत्तरे देता येत, कारण कडेत आकाराच्या वर्गापेक्षा खूप जास्त माहिती असते: कानांची लांबी, शेपटीचा मोड, पाठीवरचा कंद. ‘चार पायांचा’ एवढेच शब्द घेतले तर ती सगळी माहिती गळून जाते. शिवाय वर्ग कुठे कुठे डोळ्यांना दगाही देतो. पिकाचूचे सांगितलेच. मेटापॉड हा हालचाल न करणारा कोष, पण तो सापासारख्या लांबट प्राण्यांत टाकलेला आहे. पाय नाहीत, हात नाहीत, पंख नाहीत, मग उरले ते. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला, पाहणारा त्या वर्गात शोधणार नाही असे प्राणी वेगळ्या चौकटीत दिले आहेत.

रंगाचे प्रकरण याहून अवघड आहे, आणि ते समजायला थोडे मागे जावे लागते. पहिले खेळ ज्या गेम बॉयवर चालत, त्याचा पडदा रंगीत नव्हता; करड्या-हिरवट चार छटा, बस. केन सुगिमोरी यांनी काढलेल्या चित्रांत रंग होते, पण खेळणाऱ्याच्या हातातल्या पडद्यावर ते उमटत नसत. 1999 साली ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ आले तेव्हा रंगीत पडदा आला होता, तरी प्रत्येक प्राण्याच्या चित्राला पांढरा आणि काळा धरून एकूण चारच रंग मिळत. म्हणजे खरे रंग दोन. त्या दोन रंगांत प्राणी ओळखू यावा, अशीच त्याची रंगसंगती बेतावी लागे. आजही जुन्या पोकेमॉनचे वर्णन दोन रंगांत होते आणि पुष्कळ नव्यांचे होत नाही, त्यामागे ही अडचण आहे असे मला वाटते.

पोकेडेक्समध्ये रंगावरून शोधण्याची सोय 2002 च्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’मध्ये आली. तिथे रंग दहा: लाल, निळा, पिवळा, हिरवा, काळा, तपकिरी, जांभळा, राखाडी, पांढरा आणि गुलाबी. प्रत्येक प्राण्याला यांतला एकच मिळतो. या यादीत केशरी नाही, आणि पोकेमॉनच्या जगात केशरी प्राणी काही कमी नाहीत. मग त्यांची वाटणी झाली. चारिझार्ड लाल ठरला, रायचू पिवळा, ड्रॅगनाइट तपकिरी, ग्रोलिथ तपकिरी. हे चौघे शेजारी ठेवले तर त्यांना तीन वेगवेगळ्या रंगांत टाकावे असे कुणालाही सुचणार नाही. माझी भाची हे ऐकून म्हणाली, “मामा, म्हणजे ज्याने यादी केली त्याच्या रंगपेटीत केशरी खडू नव्हता.” याहून चांगले स्पष्टीकरण मला देता आलेले नाही. तेव्हा केशरी दिसणारा प्राणी शोधताना तिन्ही रंगांत पाहायचे, हे लक्षात ठेवलेले बरे. बल्बासॉरचेही तसेच. त्याचे अंग निळसर हिरवे आहे, यादी त्याला हिरवा म्हणते, आणि घाईत पाहणारा निळा म्हणून मोकळा होतो.

‘रंगसंगती’ आणि ‘रंग’ यांतला फरक पाहायचा तर व्होल्टॉर्ब आणि इलेक्ट्रोड पाहावेत. दोघेही गोल गोळे, आकाराचा वर्ग एक, यादीतला रंग लाल, घराणेही एकच. व्होल्टॉर्ब वरून लाल आणि खालून पांढरा. इलेक्ट्रोड वरून पांढरा आणि खालून लाल. रंग विचारला तर दोघे सारखे, रंगांची मांडणी विचारली तर क्षणात वेगळे. म्हणून पुस्तिकेत प्रत्येक नोंदीत यादीतला रंग आधी दिला आहे आणि त्यानंतर कुठला रंग अंगावर कुठे आहे हे लिहिले आहे.

रंग बदलतो, ही त्याची दुसरी अडचण. ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’पासून शायनी पोकेमॉन आले: तोच प्राणी, वेगळ्या रंगात. त्या खेळांत तो भेटण्याची शक्यता 8192 मध्ये एक होती. 2013 च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’पासून ती 4096 मध्ये एक झाली. एवढी दुर्मीळ गोष्ट ओळख पटवण्यात आडवी येईल असे वाटत नाही. पण ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये एका सरोवरात लाल गायराडोस प्रत्येक खेळणाऱ्याला भेटतोच, आणि यादीत गायराडोस निळा आहे. ‘पोकेमॉन गो’ खेळणाऱ्यांना तर शायनी बरेच भेटतात. त्यानंतर 2016 च्या ‘सन’ आणि ‘मून’पासून प्रादेशिक रूपे आली. कांतोमधला व्हलपिक्स तपकिरी, अलोलातला पांढरा. आकार तोच, नाव तेच, घराण्याचा सांगाडाही तोच. रंगावर विसंबलेला माणूस इथे हमखास फसतो. आकारावर विसंबलेला फसत नाही.

आता घराण्याकडे. पोकेमॉनची ‘उत्क्रांती’ म्हणजे जीवशास्त्रातली उत्क्रांती नाही, हे सुजाण वाचकाला सांगायला नको. एकच प्राणी वाढत्या पातळीने, किंवा एखाद्या दगडाच्या स्पर्शाने, दुसऱ्या रूपात जातो. सुरवंटाचे फुलपाखरू होण्याच्या जवळची ही गोष्ट आहे. घराण्याबद्दल विचारायचे प्रश्न मोजके. एकटाच आहे की घराणे आहे? किती जणांचे? सरळ रेषेत आहे की फाटे फुटतात? हा प्राणी कितव्या पायरीवर आहे? आणि ज्या प्रश्नाकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, तो म्हणजे कोणत्या पायरीवर त्याचा आकार किंवा रंग बदलतो?

या शेवटच्या प्रश्नाची ताकद एका उदाहरणात पाहू. समजा कुणी एवढेच सांगितले: “निळा, चार पायांचा.” 14 आकार आणि 10 रंग यांचे 140 खाने होतात. 1025 प्राणी त्यांत सारखे वाटले तर एका खान्यात सातेक यावेत, पण ते सारखे वाटलेले नाहीत. काही खाने रिकामे आहेत आणि काहींत रेटारेटी आहे. निळ्या, चार पायांच्या खान्यात निदान हे अकरा जण आहेत: मादी निडोरान, निडोरिना, व्हेपोरिऑन, स्विकून, फॅन्पी, मडकिप, शिंक्स, लक्सिओ, लक्सरे, ग्लेसिऑन आणि कोबॅलिऑन. आणखीही आहेत, पण पद्धत कळायला एवढे पुरेत.

आता रंगाबद्दल आणखी खोदून उपयोग नाही, सगळे निळेच आहेत, आणि “कसा निळा?” या प्रश्नाला दोन माणसे दोन उत्तरे देतात. तेव्हा घराणे विचारू. “एकटाच आहे का?” हो म्हटले तर स्विकून किंवा कोबॅलिऑन. दोघेही दंतकथेतले प्राणी आहेत, त्यांना मागे-पुढे कुणी नाही. स्विकूनच्या पाठीवरून जांभळी आयाळ मागे वाहत जाते, कोबॅलिऑनच्या डोक्यावर शिंगे आहेत. ते दोघे वेगळे करणे अवघड नाही. “घराणे दोघांचेच आहे का?” हो, तर फॅन्पी, त्याचा पुढे डॉनफॅन होतो आणि राखाडी रंगात जातो.

नाही म्हटले, तर तिघांची सरळ घराणी आणि फाट्यांचे घराणे एवढेच उरते. सरळ घराणी तीन. इथे तो शेवटचा प्रश्न विचारायचा: “हे घराणे कधी दोन पायांवर उभे राहते का?” शिंक्स, लक्सिओ, लक्सरे हे तिघेही शेवटपर्यंत चार पायांवर आणि निळेच राहतात. मडकिपच्या घराण्यात दुसऱ्याच पायरीवर, 16 व्या पातळीला, मार्शटॉम्प दोन पायांवर उभा राहतो. निडोरानच्या घराण्यात दुसरी पायरी, निडोरिना, अजून चार पायांवरच असते. चंद्रदगड मिळून निडोक्वीन झाली की मगच ती उभी राहते. म्हणजे “दुसऱ्या पायरीवर उठतो की तिसऱ्या?” एवढ्या एका प्रश्नात मडकिप आणि निडोरान वेगळे झाले, आणि त्यासाठी कल्ले, कान, ठिपके यांतले काही विचारावे लागले नाही. मडकिप असेल तर काम संपले, कारण त्याच्या घराण्यात चार पायांचा तो एकटाच. निडोरान घराणे असेल तर पहिली पायरी की दुसरी, एवढे विचारले की पुरे. शिंक्सचे घराणे असेल तरी पायरीच विचारायची, कारण आकार आणि रंग दोन्ही तिथे मुके आहेत.

उरले फाट्यांचे घराणे. त्यात व्हेपोरिऑन आणि ग्लेसिऑन येतात, आणि ईवीच्या या घराण्यात जरा थांबायलाच हवे.

ईवीच्या घराण्यात नऊ जण आहेत. ईवी स्वतः 1996 पासूनची, क्रमांक 133. तिच्यामागे लगेच व्हेपोरिऑन, जोल्टिऑन आणि फ्लेअरिऑन, 134 ते 136. पुढच्या पिढीत एस्पिऑन आणि अंब्रिऑन, 196 आणि 197. चौथ्या पिढीत लीफिऑन आणि ग्लेसिऑन, 470 आणि 471. सहाव्या पिढीत सिल्व्हिऑन, बरोबर 700. एका घरातली माणसे यादीत एवढी लांबलांब पसरली आहेत, तेव्हा क्रमांकावरून घराणे शोधू पाहणाऱ्याची इथे दमछाक होते. नऊच्या नऊ जण चार पायांचे, त्यामुळे आकाराने त्यांच्यात काहीही वेगळे होत नाही. उंचीचेही फारसे काही नाही. आणि पायरी विचारली तर ईवी पहिल्या पायरीवर आणि बाकी आठही दुसऱ्या. सरळ घराण्यात जो प्रश्न सोडवतो, तो इथे काहीच सोडवत नाही.

मात्र रंग बघा. ईवी तपकिरी, जोल्टिऑन पिवळा, फ्लेअरिऑन लाल, एस्पिऑन जांभळा, अंब्रिऑन काळा, लीफिऑन हिरवा, सिल्व्हिऑन गुलाबी. सात जणांना सात वेगळे रंग. यादीतल्या दहांपैकी आठ रंग हे एक घराणे वापरते. राखाडी आणि पांढरा तेवढे राहिले. आणि आठवा रंग, निळा, दोघांना मिळाला आहे: व्हेपोरिऑन आणि ग्लेसिऑन. संपूर्ण घराण्यात तीन खुणांनी न सुटणारी ही एकच गाठ. ती सोडवायला मांडणीच पाहावी लागते. व्हेपोरिऑन पाण्याचा, गळ्याभोवती पांढरी झालर, कानांच्या जागी कल्ल्यांसारखे पडदे, आणि माशासारखी लांब शेपटी. ग्लेसिऑन बर्फाचा, अंग फिकट निळे, त्यावर गडद निळ्या शंकरपाळ्या, आणि डोक्यावरून दोन बाजूंना लोंबणाऱ्या केसांच्या बटा. शेपटी दिसली तर प्रश्नच उरत नाही. नुसता चेहरा दिसला तर गळ्याकडे पाहायचे: झालर असेल तर व्हेपोरिऑन.

म्हणजे जो रंग घराण्याघराण्यांत फरक करताना कुचकामी ठरला, तोच फाट्यांच्या घराण्याच्या आत शिरल्यावर जवळजवळ सगळे काम एकट्याने करतो. याचे कारण तर्काने लागते. सरळ घराण्यात पुढचा प्राणी हा मागच्याचाच मोठा झालेला आहे, असे पाहणाऱ्याला पटावे लागते, म्हणून चित्रकार रंग टिकवतो आणि आकार वाढवतो. बल्बासॉर, आयव्हीसॉर, व्हीनसॉर तिघेही हिरवे. पाठीवरच्या कंदाची कळी होते आणि कळीचे फूल. फाट्यांच्या घराण्यात उलट. तिथे ही आठही एका आईची लेकरे आहेत हे आकाराने सांगायचे असते आणि एकमेकांहून वेगळी आहेत हे रंगाने. ऑडिशच्या घराण्यात दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला मिळतात. ऑडिश निळा, डोके आणि पाय. त्याचा ग्लूम होतो तो निळाच, पण आकार बदलून बिनशेपटीचा दोन पायांचा. इथपर्यंत सरळ रेषा. मग फाटा फुटतो: पर्णदगड मिळाला तर व्हाइलप्लूम, सूर्यदगड मिळाला तर बेलोसम. दोघांचा आकाराचा वर्ग ग्लूमचाच, आणि रंग एकाचा लाल, दुसऱ्याचा हिरवा. रेषेवर आकार बदलला, फाट्यावर रंग.

वर्म्पलचेही असेच. या लाल अळीचा सिल्कून होणार की कॅस्कून, हे खेळात तिला आधीच चिकटलेल्या एका छुप्या आकड्यावर ठरते; खेळणाऱ्याच्या हातात काही नसते. दोन्ही कोष आकाराने सारखे, एक पांढरा, एक जांभळा. पांढऱ्यातून ब्यूटीफ्लाय निघते, जांभळ्यातून डस्टॉक्स. कोष झाल्यावर रंग पाहिला की तीन पातळ्या पुढचे पाखरू आजच सांगता येते.

म्हणून माझा सल्ला असा: आधी आकार विचारा, मग घराण्याचा सांगाडा, आणि रंग शेवटी. सांगाडा सरळ निघाला तर रंग जवळजवळ सोडून द्या आणि पायरी विचारा. फाटे निघाले तर पायरी सोडा आणि रंग विचारा. आपण चुकीच्या वाटेला लागलो आहोत हेही सांगाड्यावरूनच लवकर कळते. मनात धरलेल्या प्राण्याला तीन पायऱ्या आहेत आणि समोरचा म्हणतो “दोनच”, तर रंग कितीही जुळत असला तरी तो प्राणी सोडावा. रंग पाहण्यात माणूस चुकतो, पायऱ्या मोजण्यात सहसा नाही.

सांगाडा ऐकून घ्यायचा, डोळ्यांनी ताडायचा नाही, हेही इथेच सांगतो. ड्रॅटिनी आणि ड्रॅगनेअर निळे, सापासारखे, सडपातळ. त्यांच्यानंतर येणारा ड्रॅगनाइट केशरी, पोटाचा घेर सुटलेला, दोन पायांचा. माहीत नसताना या तिघांना कुणी एका घरात बसवणार नाही. याउलट व्हेनोनॅटचे मोठे लाल डोळे आणि इवले हात बटरफ्रीच्या चेहऱ्याशी इतके जुळतात, की बटरफ्री आणि व्हेनोमॉथ या दोन पाखरांच्या घराण्यांची ऐनवेळी अदलाबदल झाली असावी असा तर्क चाहते वर्षानुवर्षे लढवत आले आहेत. चित्रे पाहून तो पटतोही, पण खेळात व्हेनोनॅटचा व्हेनोमॉथ होतो आणि मेटापॉडची बटरफ्री, आणि नाव शोधायचे तर खेळातलेच घराणे धरावे लागते.

या पद्धतीलाही न जुमानणारी काही घराणी आहेत. पिजी, पिजिओटो आणि पिजिओट तिघेही तपकिरी, तिघेही पंखांचे. पायरी कळली नाही तर तुऱ्याच्या लांबीवर येऊन थांबावे लागते. आणि फाटा असूनही रंग न बदललेली घराणी त्याहून त्रासदायक. टायरोग 20 व्या पातळीला पोचला की त्याचा हल्ला बचावापेक्षा जास्त असेल तर हिटमनली होतो, बचाव जास्त असेल तर हिटमनचॅन, आणि दोन्ही सारखे असतील तर हिटमनटॉप. टायरोग जांभळा आहे, पण हे तिघेही यादीत तपकिरी. तिथे हातापायांकडे पाहायचे: लांबणारे पाय हिटमनलीचे, मुष्टियुद्धाचे हातमोजे हिटमनचॅनचे, डोक्यावर गरगरणारा तो हिटमनटॉप. राल्ट्सच्या घराण्यात तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे पांढरेच. कर्लियाची 30 व्या पातळीला गार्डेव्होर होते, आणि नर कर्लियाला पहाटदगड दिला तर गॅलेड. दोघे पांढरे आणि हिरवे, दोघे माणसासारखे उभे. गॅलेडच्या कोपरांतून पाती निघालेली असतात आणि गार्डेव्होरचा झगा पायांपर्यंत येतो. पुस्तिकेच्या शेवटच्या भागात अशी सगळी घराणी एकत्र केली आहेत, आणि तिथे प्रत्येक जोडीचा नेमका तो अवयव मोठा करून दाखवला आहे.